स्टेंट आत असताना लघवी पुन्हा लाल का होते?

प्रश्न: वय ४४, नोकरी बैठी. डाव्या मूत्रवाहिनीत ९ मिलिमीटरचा खडा होता. चौदा दिवसांपूर्वी दुर्बीण घालून लेझरने तो फोडला आणि आत डीजे स्टेंट ठेवला. सुरुवातीला लघवी लालसर होती, मग स्वच्छ झाली. वाटलं, सुटलो. आठव्या दिवशी कामावर गेलो आणि संध्याकाळी पुन्हा लाल! जवळजवळ दर तासाला जावं लागतं, लागली की धरवत नाही. शेवटच्या थेंबाला टोकाशी कळ येते आणि लघवी करताना डाव्या कुशीत भरून आल्यासारखं दुखतं. तपासणीत लाल पेशी भरपूर आणि पू पेशी ३० ते ३५ आल्या. जवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, पाच दिवस घेतलं, काडीचा फरक नाही. रोज पाच लिटर पाणी पितोय. आत खडा राहिलाय का? ऑपरेशनमध्ये काही चुकलं का? स्टेंट काढायला अजून दहा दिवस आहेत, तो आधीच काढून घेऊ का? माझ्याबरोबर ऑपरेशन झालेल्या एकाला तर स्टेंट घातलाच नव्हता.

उत्तर: तुमच्या पत्रात एक शब्द कुठेच नाही, तो म्हणजे ताप. तो लिहायचा राहून गेला असेल, म्हणजे अंगात ताप असेल किंवा हुडहुडी भरली असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना आत्ताच फोन करा. ताप खरोखरच नसेल, तर पुढचं निवांत वाचा. तुम्ही लिहिलेली एकूण एक तक्रार मी स्टेंट असलेल्या माणसांकडून ऐकत आलो आहे, बऱ्याचदा याच क्रमाने. दहातल्या आठ जणांना स्टेंटचा या ना त्या प्रकारे त्रास होतो. घरी सोडताना हे नीट बसून सांगायला हवं. ते सांगितलं जात नाही, आणि मग माणूस रात्री जागा राहून आपलं काय बिघडलं असेल याचा विचार करत बसतो.

आधी आत काय आहे ते डोळ्यांसमोर आणा. साधारण दोन मिलिमीटर जाडीची, बहुतेक मोठ्या माणसांत २४ ते २६ सेंटिमीटर लांबीची, मऊ पोकळ नळी. तिची दोन्ही टोकं गोल वळलेली असतात. वरचं वेटोळं किडनीत आणि खालचं लघवीच्या पिशवीत, म्हणजे नळी ना वर सरकत ना खाली घसरत. निदान बसवताना हेतू तो असतो. पण किडनी काही एका जागी खिळलेली नसते. प्रत्येक श्वासाबरोबर ती खाली-वर होते, तुम्ही वाकलात, वळलात, जिना चढलात की आणखी हलते. तिच्याबरोबर नळी हलते आणि खालचं वेटोळं पिशवीच्या तळाशी घासतं. पिशवीत सगळ्यात हळवी जागा कुठली असेल तर नेमकी तीच. पिशवी भरली की मेंदूला कळवण्याचं काम तिथल्या मज्जातंतूंकडे आहे. तिथे काहीतरी सतत टेकलेलं असल्यावर पिशवी अर्धीही भरलेली नसताना "भरली, भरली" असा निरोप जात राहतो. तुमची घाई तिथून येते. रात्री आडवे झाल्यावर हालचाल थांबते, त्यामुळे दिवसाच्या मानाने रात्री जरा बरं वाटतं. तुमच्या बाबतीत तसं होतंय का, ते पाहा.

शेवटच्या थेंबाची कळ हा याचाच पुढचा भाग. पिशवी रिकामी होत आली की तिच्या भिंती आवळत जवळ येतात आणि वेटोळ्यावर मिटतात. दुखतं पिशवीच्या तळाशी, पण जाणवतं टोकाशी, कारण दोन्हीकडची संवेदना एकाच वाटेने वर जाते. बायकांना हीच कळ मूत्रमार्गाच्या तोंडाशी जाणवते, आणि स्टेंट आहे हे न विचारताच त्यांना "युरिन इन्फेक्शन" म्हणून औषधं दिली जातात. जोर करून शेवटचा थेंब काढायचा प्रयत्न केला की कळ वाढते. लघवी आपोआप थांबेल तिथे थांबा, मिनिटभर तसेच बसून राहा, आणखी आली तर येऊ द्या. पुरुषांनीही हे दिवस बसूनच लघवी केलेली बरी.

आता कुशीतलं दुखणं. घाबरवतं ते हेच, म्हणून त्यावर जरा थांबतो. एरवी किडनीतून लघवी पिशवीत उतरते, पण पिशवीतून वर जाऊ शकत नाही. मूत्रवाहिनी पिशवीच्या भिंतीतून तिरकी आत शिरते, आणि पिशवी आवळली की ती वाट आपोआप चेपून बंद होते. स्टेंट त्या वाटेतून आरपार गेलेला असल्यामुळे ती उघडीच राहते. तुम्ही लघवीला बसता, पिशवी आवळते आणि तिचा दाब नळीतून थेट किडनीपर्यंत पोचतो. डाव्या कुशीत जे भरून आल्यासारखं वाटतं ते हे. धार सुरू झाली की दुखणं सुरू होतं आणि लघवी संपल्यावर काही मिनिटांत विरतं. पिशवी तुडुंब भरू दिली किंवा जोर केला, तर दाब वाढतो आणि दुखणंही.

खड्याच्या दुखण्याला असा धरबंध नसतो. त्याला तुम्ही लघवीला बसलात की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. ते लाटांनी येतं, जांघेकडे उतरतं, माणूस कुठल्याच कुशीवर टिकत नाही, ओकाऱ्या होतात. ऑपरेशनच्या आधी ते तुम्ही भोगलेलं आहे, त्यामुळे फरक तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळेल. तेव्हा लघवी करताना कूस दुखते म्हणून खडा राहिला, हा अर्थ काढता येत नाही. अर्थात ती दुखत नसती तरी "खडा नाही" असा दाखलाही मिळाला नसता. खड्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो सर्जनना थेट विचारायचा: "दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा शेवटी आत तुकडे उरले होते का, आणि उरले असतील तर केवढे?" त्यांना ते माहीत असतं आणि ऑपरेशनच्या नोंदीतही लिहिलेलं असतं. वाळूसारखा बारीक चुरा स्टेंटच्या कडेने उतरत राहतो. लघवीत असे कण दिसले तर ती तक्रार नव्हे. कण जपून ठेवा, त्यांची तपासणी होऊ शकते.

रक्ताकडे येतो. तुमच्या मनात असं बसलंय की जखम भरली म्हणजे लघवी स्वच्छ होणार, आणि एकदा स्वच्छ झालेली पुन्हा लाल झाली म्हणजे आत नवं काहीतरी फाटलं. ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस जे रक्त होतं ते बव्हंशी ऑपरेशनचं होतं, ते थांबलं. आठव्या दिवशी आलेलं रक्त घासण्याचं आहे. आठवडाभर घरी पडून असलेला माणूस कामावर निघाला, प्रवासाचे धक्के बसले, जिने चढला, दिवसभर उठबस झाली, पाणी घरच्यासारखं हाताशी नव्हतं. पिशवीचं अस्तर नाजूक असतं, वेटोळं त्यावर फिरलं की बारीक केशवाहिन्या झिरपतात. संध्याकाळी लघवी लाल दिसली ती त्यामुळे. स्टेंट आत आहे तोवर हे असं येतं-जातं. चार दिवस स्वच्छ, पाचव्या दिवशी गुलाबी, पुन्हा स्वच्छ.

रंग बघून रक्त किती गेलं याचा अंदाज आपण नेहमी चुकीचा करतो. एक लिटर लघवीत एक मिलिलिटर रक्त मिसळलं तरी तिचा रंग डोळ्यांना बदललेला दिसतो. कमोडभर लाल पाणी पाहून माणूस हादरतो, पण त्यात प्रत्यक्ष रक्त काही थेंबांचं असू शकतं. म्हणून रंगापेक्षा पारदर्शकता बघा. काचेच्या किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या ग्लासात लघवी घ्या आणि ग्लासामागे छापील कागद धरा. अक्षरं वाचता येत असतील, तर लघवी गुलाबी असो की लालसर, घाईचं काही नाही. अक्षरं दिसेनाशी झाली, लघवी दाट लाल असली, किंवा गाठी पडू लागल्या, तर विश्रांती घ्या, पाणी वाढवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तपकिरी झाक असली तर ते बहुधा आत साचून राहिलेलं जुनं रक्त असतं, ताज्या रक्ताच्या मानाने कमी काळजीचं.

दोन दिवस एक काम करा. एक दिवस कामाचा, एक सुट्टीचा. प्रत्येक वेळी लघवीला गेलात की वेळ, रंग, आधीच्या तासाभरात काय केलं आणि दुखलं का, इतकंच लिहा. लघवी मापात घेता आली तर तेही. तुमच्या पत्रावरून मला तुमचा कामाचा दिवस असा दिसेल असं वाटतं: सकाळी उठल्यावर पिवळी, कामावर पोचल्यावर फिकट गुलाबी, दुपारी बसून असताना पुन्हा पिवळसर, संध्याकाळी घरी आल्यावर लाल, रात्री झोपताना गुलाबी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत पिवळी. सुट्टीच्या दिवशी बहुतेक वेळा पिवळीच. कागदावर असं चित्र आलं, तर रक्त तुमच्या हालचालीच्या मागे चालतंय आणि विश्रांती मिळाली की थांबतंय, एवढं सिद्ध झालं. मग निर्णय सोपा होतो: काम चालू ठेवा, फक्त वजन उचलणं, पळणं आणि खडबडीत प्रवास दहा दिवस टाळा. याउलट दिवसभर आडवं पडूनही लघवी लालच राहत असेल, तर हा कागद घेऊन तारखेची वाट न पाहता सर्जनकडे जा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांना आवर्जून सांगा, पण त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्यांनी तर मुळीच नाही. आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. शौचाला जोर केला की त्यानंतरची लघवी हमखास लाल येते.

मापाचा आग्रह धरण्याचं कारण तुमचं पाच लिटर पाणी. खड्याच्या माणसाला भरपूर पाणी प्यायला सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण ध्येय असतं दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होण्याचं. त्यासाठी बहुतेकांना अडीच-तीन लिटर पाणी पुरतं. उन्हात राबणाऱ्याला जास्त लागतं, आणि हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. आता तुमचा हिशेब करू. पाच लिटर प्यायलात तर चारेक लिटर लघवी होणार. स्टेंटमुळे पिशवी समजा दोनशे मिलिलिटरला हाक मारते. चार हजार भागिले दोनशे, म्हणजे वीस फेऱ्या. तुमचं "दर तासाला" हेच. लघवी अडीच लिटरवर आणलीत तर त्याच पिशवीला बारा-तेरा फेऱ्या पुरतील. तुमच्या त्रासाचा बराचसा वाटा तुम्ही स्वतः प्रामाणिकपणे ग्लास भरभरून आत घालताय! पाणी दिवसभरात विभागून घ्या, झोपण्याच्या दोन तास आधी आवरतं घ्या. चहा-कॉफी हे दहा दिवस कमी करून बघा, काहींना लक्षणीय फरक पडतो. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला की पाणी पुरेसं आहे. ज्या दिवशी लाल होईल त्या दिवशी दोन-तीन ग्लास जास्त, बस्स.

पू पेशींचा रिपोर्ट मी असतो तर मागवलाच नसता. आत परकी वस्तू आहे म्हटल्यावर अस्तर चिडलेलं असणार आणि पांढऱ्या पेशी तिथे जमणारच. रिपोर्ट लिहिणारा त्यांनाच पू पेशी म्हणतो. त्या तीस आल्या काय नि पन्नास आल्या काय, स्टेंट असलेल्या माणसात एवढ्यावरून संसर्ग ठरत नाही. संसर्ग ठरतो तो ताप, थंडी, कुशीत सतत दुखणं, गळून जाणं या लक्षणांवरून आणि त्यांच्या जोडीला लघवीच्या कल्चरवरून, म्हणजे लघवीत जंतू वाढतात का ते पाहणाऱ्या तपासणीवरून. अँटिबायोटिकने तुम्हाला फरक पडला नाही, कारण घासणाऱ्या नळीवर अँटिबायोटिक चालत नाही. आता दुसरं, आणखी "भारी" अँटिबायोटिक घेऊ नका. तसं सुचवलं गेलं, तर आधी कल्चर करायची विनंती करा आणि नुकतंच कोणतं औषध घेतलं तेही सांगा, कारण त्या औषधामुळे कल्चर खोटं स्वच्छ येऊ शकतं. कल्चरमध्ये जंतू निघाले पण तुम्हाला ताप वगैरे काही नाही, असंही होतं. स्टेंटवर जंतूंचा थर बसतोच. अशा वेळी औषध द्यायचं की नाही, ते स्टेंट काढणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्या.

त्रासावर मग औषधच नाही का? आहे, आणि ते तुम्हाला अजून कुणी दिलेलं दिसत नाही. टॅमसुलोसिन, ०.४ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. प्रोस्टेटच्या औषधांतली ही गोळी मूत्रवाहिनीचा खालचा भाग आणि पिशवीचं तोंड सैल करते, त्यामुळे दाब कमी होतो. ती पहिल्याच दिवशी जादू करत नाही, काही दिवस द्यावे लागतात. उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री घ्यायची आणि अंथरुणातून एकदम उभं राहायचं नाही. पुरुषांमध्ये संबंधाच्या वेळी वीर्य कमी येतं किंवा येतच नाही. गोळी बंद केली की ते पूर्ववत होतं, आधी माहीत असलं म्हणजे धसका बसत नाही. घाई फारच असेल तर पिशवी शांत करणारी गोळी, मिराबेग्रॉन किंवा सोलिफेनासिन, जोडीला देता येते. सोलिफेनासिनने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, आणि प्रोस्टेट मोठं असलेल्याची लघवी अडू शकते, म्हणून ती विचारून घ्यायची. दुखण्याला पॅरासिटामॉल आधी. डायक्लोफिनॅक जातीच्या गोळ्या जास्त परिणाम करतात, पण किडनीचं कार्य ठीक आहे, म्हणजे क्रिएटिनिन बरं आहे, हे पाहूनच. या सगळ्याने त्रास शून्य होईल असं मी म्हणत नाही. सुसह्य होतो.

आता स्टेंट लवकर काढण्याबद्दल. ही मागणी अवाजवी नाही, फक्त तिचं कारण बदला. "त्रास होतो म्हणून काढा" याऐवजी विचारा, "माझ्यात तो कशासाठी ठेवला होता आणि ते कारण अजून शिल्लक आहे का?" मूत्रवाहिनी आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटरची. तिच्यातून दुर्बीण गेली, लेझर चालला, खडा फार दिवस रुतून बसलेला असेल तर तिथलं अस्तर आधीच सुजलेलं. या सुजेने वाट बंद झाली तर किडनी तुंबते आणि खड्यासारखीच कळ येते. स्टेंट तोवर वाट उघडी धरतो. तुमच्याबरोबरच्या माणसाचा खडा सहज निघाला असेल, अस्तराला खरचटलंही नसेल, तुकडा उरला नसेल, तर त्याला स्टेंटची गरजच नव्हती. अशा सरळ केसमध्ये तो न ठेवणं मान्यताप्राप्त आहे. तुमच्या नोंदीत "सूज फार नव्हती, खबरदारी म्हणून ठेवला" असं असेल, तर तारीख अलीकडे आणायला सर्जन बहुधा तयार होतील. सरळ केसमध्ये आठवड्या-दोन आठवड्यांत स्टेंट काढणारेही पुष्कळ आहेत. पण "मूत्रवाहिनीला इजा झाली होती" असं लिहिलेलं असेल, तर ते दहा दिवस सोसाच. तिथे घाई केली तर वाट आकसते, आणि मग पुन्हा ऑपरेशन.

तारीख अलीकडे आणण्यापेक्षा मला जास्त भीती ती पलीकडे जाण्याची वाटते. त्रास कमी झाला की लोक स्टेंट विसरतात. काहींना तर आत काही ठेवलंय हेच माहीत नसतं. नळीवर क्षारांचा थर चढू लागतो, आणि ज्याच्या लघवीत खडे होतात त्याच्यात लवकर. नेहमीचा स्टेंट तीन महिन्यांच्या वर राहू देऊ नये असं धरून चाला, गरोदर बाईत त्याहूनही कमी. विसरलेल्या स्टेंटभोवती दगड जमतो आणि मग पाच मिनिटांत निघणारी नळी काढायला मोठी शस्त्रक्रिया लागते. डिस्चार्ज कार्डवर काढण्याची तारीख ठळक लिहिलेली नसेल तर लिहून घ्या आणि घरातल्या आणखी कुणालातरी सांगून ठेवा.

कशाला थांबायचं नाही, तेही स्पष्ट सांगतो. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, विशेषतः थंडी वाजून. रात्री दोन वाजता आला तरी रात्री दोनलाच निघायचं. तुंबलेल्या किडनीतला संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो, पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघणं यात महागात पडतं. लघवीत मोठ्या गाठी येऊन धार अडकली, पोट फुगलं आणि लघवी होईना, तर तेही तातडीचं. लघवी झाल्यानंतरही न शमणारं, गोळीला दाद न देणारं कुशीतलं दुखणं म्हणजे नळी तुंबली किंवा सरकली असू शकते. आणि लघवी सतत, कळण्याआधीच झिरपू लागली, तर खालचं टोक मूत्रमार्गात उतरलं असण्याची शक्यता असते. ज्यांच्या स्टेंटला बाहेर दोरा ठेवलेला आहे, त्यांचा दोरा चुकून ओढला गेला तर असं होतं. अशा वेळी तो ढकलायचा नाही, उरलेला ओढायचाही नाही, फोन करायचा. दोरा असलेल्यांनी तो निघेपर्यंत संबंध टाळावेत, तुमच्यासारख्या बिनदोऱ्याच्यांना तशी मनाई नाही.

काढण्याच्या दिवशी मूत्रमार्गात बधिर करणारी जेली घालतात, बारीक लवचिक दुर्बीण पिशवीत जाते, चिमट्याने वेटोळं धरतात आणि नळी बाहेर. काही मिनिटांचं काम. ओढताना विचित्र वाटतं, पण ते क्षणात संपतं. मात्र घरी आल्यावर काही तासांनी पुन्हा कुशीत कळ येऊ शकते, कधीकधी जुन्या खड्याइतकी. नळी निघाल्यावर मूत्रवाहिनी आवळते, थोडी सुजते, म्हणून असं होतं. तेव्हा दुखण्याची गोळी कोणती आणि केव्हा घ्यायची, हे त्या दिवशी निघण्यापूर्वीच विचारून घ्या. घाई आणि टोकाची कळ बहुतेकांची एक-दोन दिवसांत जाते, गुलाबी लघवीही तेवढीच टिकते. कुशीतलं दुखणं दोन दिवसांच्या पुढे गेलं किंवा त्यात ताप आला, तर सोनोग्राफी करून किडनी तुंबली नाही ना हे पाहावं लागतं.